किती खोल्या भरल्या, काय भावानं गेल्या

हॉटेलमालकाला धंदा कसा चाललाय असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा शनिवारच्या रात्रीचं मिळतं. "फुल्ल आहे, एकही रूम नाही." शनिवारी ते खरंही असतं. पण त्याच हॉटेलात मंगळवारी किती खोल्यांत दिवे लागले आणि त्या काय भावानं गेल्या, हे विचारलं की मालक मॅनेजरकडे बघतो आणि मॅनेजर रजिस्टर उघडतो. त्या रजिस्टरमध्ये उत्तर असतं, फक्त ते सरळ वाचता येत नाही. रोजच्या बुकिंगच्या नोंदींतून ते काढावं लागतं, आणि काढण्याची रीत चुकली तर वर्षाचा हिशेब चुकतो.

हे उत्तर दोन आकड्यांत मांडतात. विकायला असलेल्या खोल्यांपैकी शेकडा किती विकल्या गेल्या, ही झाली ऑक्युपन्सी. विकल्या गेलेल्या खोल्यांना सरासरी काय दर मिळाला, तो एआरआर, म्हणजे ॲव्हरेज रूम रेट. काही ठिकाणी त्यालाच एडीआर म्हणतात. भागाकार शाळेतल्या मुलालाही येतो. कस लागतो तो काय मोजायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना.

उदाहरणासाठी मालवणजवळ तारकर्लीच्या रस्त्यावरचं वीस खोल्यांचं एक हॉटेल डोळ्यांपुढे धरू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. व्यवहार मात्र किनाऱ्यावरच्या कुठल्याही मध्यम हॉटेलात चालतो तसाच आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात गर्दी, एरवी शनिवार-रविवारवर भिस्त, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद झाले की सामसूम.

या हॉटेलच्या नोंदीत एका बुकिंगची एक ओळ असते. पाहुण्याचं नाव, खोली नंबर, चेक-इनची तारीख, चेक-आउटची तारीख, रक्कम, बुकिंग कुठून आलं, शेवटी काय झालं. नवखा माणूस महिनाभरातल्या ओळी मोजतो आणि "या महिन्यात ऐंशी बुकिंग झाली" असं सांगतो. त्या ऐंशीचा अर्थ काहीच लागत नाही, कारण एक पाहुणा एक रात्र राहतो आणि दुसरा पाच. म्हणून धंद्यात मोजमाप चालतं ते रूम-नाइटमध्ये. एक खोली, एक रात्र, एवढा तो एकक. वीस खोल्यांच्या हॉटेलकडे आठवड्याला १४० रूम-नाइट विकायला असतात आणि तीस दिवसांच्या महिन्यात ६००. अहवाल करायचा म्हणजे बुकिंगची प्रत्येक ओळ फोडून तिच्यातल्या रात्री सुट्या करायच्या.

एकच ओळ फोडून बघू. पुण्याचं एक जोडपं शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला आलं आणि मंगळवारी, २ डिसेंबरला गेलं. बिल १२,६०० रुपये, सकाळचा नाश्ता धरून. तारखा मोजल्या तर चार होतात, रात्री मात्र तीनच: २९, ३० आणि १. निघण्याचा दिवस कधीच मोजायचा नाही, कारण त्या रात्री ती खोली दुसऱ्याला देता येते.

आता पैसे. १२,६०० मध्ये ५ टक्के जीएसटी आहे. तो सरकारचा, तो काढला की १२,००० उरतात. त्यातला नाश्ता खोलीच्या कमाईत धरत नाहीत, तो स्वयंपाकघराच्या खात्यावर जातो. दोन माणसांचा रोजचा ४०० धरला तर तीन सकाळींचे १,२०० गेले. खोलीची खरी कमाई १०,८०० रुपये. तीही तिन्ही रात्रींत सारखी वाटायची नाही, कारण दर सारखे नव्हते. शनिवारचा ४,०००, रविवारचा ३,६००, सोमवारचा ३,२००. म्हणजे नोव्हेंबरच्या खात्यात दोन रूम-नाइट आणि ७,६०० रुपये, डिसेंबरच्या खात्यात एक रूम-नाइट आणि ३,२०० रुपये.

बिल ज्या दिवशी फाटलं त्या दिवसावर सगळी रक्कम टाकण्याची सवय छोट्या हॉटेलांत सर्रास आढळते. तसं केलं तर हे अख्खे १२,६०० डिसेंबरमध्ये पडतात. एका ओळीचं एवढं काय, असं वाटेल. पण ३१ डिसेंबरच्या रात्री वीसच्या वीस खोल्या भरलेल्या असतात आणि बहुतेकांची बिलं १ जानेवारीला होतात. वर्षातली सगळ्यात महाग रात्र मग जानेवारीच्या पदरात पडते आणि डिसेंबर होता त्याहून फिका दिसतो.

जीएसटी आत ठेवण्याची सवय कर बदलला की आणखीच महागात पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३,००० रुपयांच्या खोलीला पाहुणा आधी ३,३६० देत होता, आता ३,१५० देतो. हॉटेलला दोन्ही वेळा तेवढेच ३,००० मिळाले. करासकट रक्कम मांडणाऱ्याच्या अहवालात मात्र सरासरी दर २१० रुपयांनी घसरलेला दिसेल, आणि तो न झालेल्या घसरणीची कारणं शोधत बसेल.

रात्र नेमकी कुठली, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुंबईहून गाडीनं निघालेलं कुटुंब रात्री दोन वाजता दारात उभं राहतं. घड्याळाप्रमाणे तारीख बदललेली असते, पण त्यांनी घेतलेली रात्र आदल्या तारखेची. म्हणून मोठ्या हॉटेलांत हॉटेलची तारीख मध्यरात्री बदलत नाही. रात्रपाळीचा माणूस दिवसभराचे व्यवहार जुळवतो, प्रत्येक भरलेल्या खोलीवर त्या रात्रीचं भाडं चढवतो आणि मग दिवस बंद करतो. याला नाइट ऑडिट म्हणतात. छोट्या हॉटेलात हे काम कुणाचंच नसतं. दोन वाजता आलेल्या पाहुण्याची नोंद संगणक नव्या तारखेवर घेतो, आणि तो त्याच दिवशी अकराला निघून गेला तर चेक-इन आणि चेक-आउट एकाच तारखेचे होतात. रात्री शून्य, पैसे मात्र जमा. अशा शून्य रात्रींच्या ओळी महिन्याच्या शेवटी आधी शोधायच्या.

नोंदी स्प्रेडशीटमध्ये असतील तर रात्री मोजायला वेगळी यंत्रणा लागत नाही. एका खोलीला एक ओळ ठेवायची. एकाच कुटुंबानं तीन खोल्या घेतल्या तर ओळी तीन. `B` मध्ये चेक-इन, `C` मध्ये चेक-आउट, `D` मध्ये कर आणि नाश्ता वजा केलेला एका रात्रीचा दर, `F` मध्ये शेवटची स्थिती. रात्रीगणिक दर बदलत असेल तर वरच्या जोडप्याप्रमाणे त्या बुकिंगच्या तीन ओळी करायच्या. `H` मध्ये महिन्याच्या तारखा एकाखाली एक. मग पहिल्या तारखेसमोर ही दोन सूत्रं लिहून खाली ओढायची:

```
=COUNTIFS(B:B,"<="&H2,C:C,">"&H2,F:F,"Stayed")
=SUMIFS(D:D,B:B,"<="&H2,C:C,">"&H2,F:F,"Stayed")
```

पहिलं त्या रात्री भरलेल्या खोल्या देतं, दुसरं त्या रात्रीची खोल्यांची कमाई. त्या तारखेला किंवा तिच्या आधी आलेला आणि त्या तारखेनंतर जाणारा पाहुणा त्या रात्री हॉटेलात होता, एवढंच त्यात म्हटलं आहे. चेक-आउटच्या बाजूला `>` आहे, `>=` नाही. तिथे बरोबरचं चिन्ह घुसलं की प्रत्येक बुकिंगला एक रात्र फुकट चिकटते. एका रात्रीपुरते येणारे पाहुणे जास्त असतील तर भरणा दुपटीच्या आसपास जातो.

अहवाल तयार झाला की लगेच विश्वास ठेवायचा नाही. एखाद्या रात्रीसमोर एकवीस किंवा बावीस खोल्या आल्या, तर हॉटेल मोठं झालेलं नाही. एकच बुकिंग फोनवरून आणि पोर्टलवरून दोनदा चढलं आहे, किंवा खोली बदलून दिली तेव्हा जुनी ओळ तशीच राहिली आहे. उलट एखादा गर्दीचा दिवस अचानक रिकामा दिसला तर तारखा तपासायच्या. पोर्टलवरून उतरवलेल्या यादीत काही वेळा महिना आधी आणि दिवस नंतर असतो. मग ५ एप्रिलचा पाहुणा ४ मेला जाऊन बसतो. १३ तारखेपासूनच्या नोंदींत तेरावा महिनाच नसल्यानं शीट त्यांना तारीख न मानता नुसतं अक्षर मानते, आणि त्या मोजणीतून गुपचूप गळतात. पहिल्या बारा तारखांना विचित्र आकडे आणि पुढे शुकशुकाट, अशी मांडणी दिसली की रोग हाच.

सगळ्यात भरवशाची पडताळणी मात्र संगणकाबाहेर आहे. सकाळी खोल्या साफ करणाऱ्यांकडे भरलेल्या खोल्यांची यादी असते. ती रिसेप्शनवर तयार होत नाही, प्रत्यक्ष दार उघडून होते. महिन्यातले कुठलेही चार दिवस निवडून ती यादी अहवालाशी ताडायची. धोब्याच्या वहीतल्या चादरींचा आकडाही बोलका असतो. पाहुणा बदलला की चादर बदलते, त्यामुळे नोंदीत न आलेली, रोखीत दिलेली खोली तिथे उघडी पडते.

आता नमुन्याचा आठवडा. सोमवार ते गुरुवार रोज सहा खोल्या गेल्या, २,००० रुपयांनी. शुक्रवारी चौदा गेल्या, ३,००० नी. शनिवारी वीसच्या वीस, ३,५०० नी. रविवारी आठ, २,५०० नी. रूम-नाइट झाल्या २४, १४, २० आणि ८, एकूण ६६. कमाई ४८,०००, ४२,०००, ७०,००० आणि २०,०००, एकूण १,८०,००० रुपये. १४० पैकी ६६ म्हणजे ऑक्युपन्सी ४७ टक्के. १,८०,००० भागिले ६६ म्हणजे एआरआर २,७२७ रुपये.

इथे एक चूक हमखास होते. सातही दिवसांचे सरासरी दर तयार असतात, म्हणून त्यांचीच बेरीज करून सातानं भागतात. उत्तर येतं २,४२९. तीनशे रुपये कमी. शनिवारच्या वीस खोल्यांना आणि मंगळवारच्या सहा खोल्यांना तिथे सारखंच वजन मिळालं. महिन्यांच्या सरासऱ्यांची वर्षाची सरासरी काढताना तर फरक आणखी वाढतो, कारण जुलै आणि डिसेंबर एकाच मापानं मोजले जातात. नेहमी एकूण कमाई आणि एकूण रूम-नाइट बाजूला ठेवायच्या आणि भागाकार अगदी शेवटी, एकदाच करायचा.

दोन आकडे सुटे सुटे वाचले तर दोन्ही फसवतात. दर पाडला की खोल्या भरतात, दर चढवला की सरासरी सुंदर दिसते. म्हणून तिसरा आकडा लागतो. एकूण कमाईला विकलेल्या खोल्यांऐवजी उपलब्ध असलेल्या सगळ्या खोल्यांनी भागायचं. आपल्या आठवड्यात १,८०,००० भागिले १४०, म्हणजे १,२८६ रुपये. याला रेव्हपार म्हणतात. रिकाम्या खोल्याही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे नुसता दर वाढवून किंवा नुसती गर्दी जमवून तो फुगवता येत नाही.

तरी रेव्हपारलाही एक गोष्ट दिसत नाही, ती खर्चाची. मालक म्हणतो, सोमवार ते गुरुवार ओस पडतं, दर १,५०० करू. तेवढीच ४८,००० ची कमाई राखायला २४ ऐवजी ३२ रूम-नाइट विकाव्या लागतील, म्हणजे रोज सहाऐवजी आठ. आठ खोल्या गेल्या तर रेव्हपार जागचा हलत नाही आणि ऑक्युपन्सी चढते. अहवाल बघून मालक खूश होतो. पण भरलेल्या प्रत्येक खोलीमागे धुलाई, साबण, वीज, एसी, सफाई असा वरखर्च असतो. तो ५०० रुपये धरू. आधी २४ रूम-नाइटमागे १,५०० प्रमाणे ३६,००० हाती राहत होते. आता ३२ मागे १,००० प्रमाणे ३२,००० राहतात. आधीइतकं हाती राहायला रोज नऊ खोल्या जायला हव्यात. त्या जातील का, हे अहवाल सांगत नाही. पण दर उतरवल्यावर आठवर थांबलो तर तोटा आणि नवाच्या पुढे गेलो तर फायदा, ही रेषा तो नेमकी आखून देतो. पोर्टलवरून आलेल्या पाहुण्यांत कमिशनही जातं. ते शंभरात पंधरा ते पंचवीस असू शकतं. म्हणून पाहुण्यानं दिलेला दर आणि हाती आलेला दर असे दोन रकाने ठेवावेत. एका महिन्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा वापरला तर तुलनेला काही अर्थ उरत नाही.

खरी ओढाताण छेदावर होते. पावसात तीन खोल्यांचं छत गळलं, त्या बंद ठेवल्या. त्या रात्री दहा खोल्या गेल्या. वीसनं भागलं तर ५० टक्के, सतरानं भागलं तर जवळजवळ ५९. मॅनेजरला सतरानं भागायचा मोह होतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कारण विकायला सतराच होत्या. तरीही माझं मत वीसनंच भागावं असं आहे. गळणारी खोली हा धंद्याचा तोटाच आहे आणि तो आकड्यात दिसला तरच छत दुरुस्त होतं. जगभरच्या हॉटेलांचे आकडे गोळा करणारी एसटीआर ही १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्थाही थोड्या काळासाठी बंद ठेवलेली खोली उपलब्ध खोल्यांतून वगळत नाही. ती खोली सहा महिने किंवा त्याहून अधिक बंद असावी लागते.

मालकाच्या मेहुण्याला किंवा बस घेऊन आलेल्या टूर मॅनेजरला फुकट दिलेली खोली विकलेल्यांत धरायची नाही. धरली तर भरणा वाढतो आणि सरासरी दर पडतो, दोन्ही खोटे. तिची वेगळी ओळ ठेवायची, म्हणजे वर्षाला किती रात्री अशा गेल्या ते कळतं. रद्द झालेलं बुकिंग आणि न आलेला पाहुणा यांच्याकडून कापून घेतलेले पैसेही वेगळ्या ओळीत. पैसे खरे आहेत, पण त्या खोलीत कुणी झोपलं नाही, आणि ते सरासरीत मिसळले की दर उगाच चढतो.

तुलना गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करायची रीत आहे. महाराष्ट्रात ती फार जपून करावी लागते, कारण आपले पाहुणे तिथी बघून निघतात आणि अहवाल तारखेवर चालतो. २०२४ मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. भाऊबीज आटोपून कोकणात उतरणारी सगळी गर्दी नोव्हेंबरमध्ये पडली. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली आणि तीच गर्दी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली. दोन नोव्हेंबर शेजारी ठेवले तर २०२५ मध्ये धंदा बसला असं वाटेल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाते, आणि तेव्हा अहवाल मोठी भरारी दाखवील. दोन्ही दिखावेच. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र घेऊन बघावं, किंवा भाऊबीजेनंतरचे दहा दिवस भाऊबीजेनंतरच्या दहा दिवसांशी ताडावेत. एरवीच्या महिन्यांतही वार मोजावे. पाच शनिवारांचा महिना चार शनिवारांच्या महिन्यापेक्षा आपोआप उजवा दिसतो.

हे सगळं करायला वीस खोल्यांच्या हॉटेलात रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि ती रोजच द्यावी लागतात. महिनाअखेरीला आठवणीतून भरलेल्या रजिस्टरमध्ये कुठली खोली फुकट होती आणि कोण आलाच नाही, हे कुणालाही सांगता येत नाही.

किनाऱ्यावर आणि थंड हवेच्या ठिकाणी हॉटेल वर्षाच्या कराराने चालवायला घेणारे तरुण आता पुष्कळ आहेत. त्यांना विनंती एवढीच, की करारावर सही करण्यापूर्वी "वर्षाला सत्तर टक्के भरतं" या तोंडी शब्दावर थांबू नका. मागच्या बारा महिन्यांची रात्रनिहाय यादी मागा. ती किती खोल्यांनी भागली आहे ते विचारा, कर आणि नाश्ता वजा केला आहे का ते बघा, आणि जुलै-ऑगस्टची पानं आधी उघडा. यादी देता येत नाही असं उत्तर आलं, तर भाडं त्या सत्तर टक्क्यांवर ठरवू नका.